कोपऱ्यावरच्या खांबाचा ताण

गावाबाहेर जिथे विजेची लाइन वळण घेते, तिथला खांब बाकीच्या खांबांहून वेगळा दिसतो. सरळ ओळीतले खांब नुसते उभे असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींची ओढ फेडून टाकतात. वळणावरच्या किंवा लाइनच्या टोकाच्या खांबाला ही सोय नसते. तारा त्याला रात्रंदिवस एकाच अंगाला ओढत राहतात. म्हणून त्याच्या डोक्याजवळून जमिनीपर्यंत एक तिरकी, पीळदार पोलादी तार घट्ट बांधलेली असते. वायरमन तिला ‘स्टे’ म्हणतात, गावात तिला ‘ताण’ म्हणतात.

हा ताण किती लांब रोवायचा, कोणत्या दिशेला रोवायचा आणि त्याच्या तारेवर किती ओढ येणार, हे तिन्ही प्रश्न एकाच गणितावर येऊन थांबतात. ते गणित म्हणजे एखाद्या बिंदूभोवती बलाचं आघूर्ण काढणं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्याला सरळ ‘मोमेंट’ म्हणतात. तो काढायच्या दोन रीती त्यांना शिकवल्या जातात. एकीत लंब अंतर मोजायचं असतं, दुसरीत क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे सदिश गुणाकार करायचा असतो. दोन्ही रीती बरोबरच आहेत. तरीही कोपऱ्यावरच्या खांबापाशी पहिली रीत अर्धीच गोष्ट सांगते. ती अर्धी गोष्ट पुरेशी मानली, तर खांब कलतो. ते कसं, ते आकड्यांनिशी पाहता येतं.

लंब अंतराची रीत

बल एखाद्या वस्तूला ढकलतं किंवा ओढतं, तसं ते तिला एखाद्या बिंदूभोवती फिरवूही पाहतं. या फिरवण्याच्या जोराचं माप म्हणजे मोमेंट. पंक्चर काढताना चाकाचा नट आखूड पान्याने हलत नाही, पण पान्यावर पाइप चढवून तो लांब केला की त्याच हाताच्या जोराने सुटतो. हाताचं बल तेवढंच असतं, नटापासूनचं अंतर वाढलेलं असतं. मात्र हे अंतर कोणतं, इथे बारकाई आहे. ज्या रेषेत बल काम करतं, ती रेषा दोन्हीकडे मनात वाढवायची. ही बलाची क्रियारेषा. ज्या बिंदूभोवती मोमेंट हवा आहे, तिथून या रेषेवर लंब टाकायचा. त्या लंबाची लांबी म्हणजे लंब अंतर. मग सूत्र सोपं आहे:

M = F d

बल किलोन्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलं, तर मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये येतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो वजन टांगल्यावर दोरीला बसते तेवढी ओढ.

आता लाइनच्या टोकाचा खांब घेऊ. सिमेंटच्या आठ मीटर खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जातो. वर साडेसहा मीटरच्या आसपास खांब उरतो. हिशेब सोपा राहावा म्हणून तारा आणि ताण दोन्ही जमिनीपासून ६ मीटर उंचीवर बांधले आहेत असं धरू आणि वारा तूर्त बाजूला ठेवू. लाइन पश्चिमेकडून येते आणि इथे संपते. तीन तारा आहेत आणि प्रत्येकीची ओढ १.२ किलोन्यूटन आहे. म्हणजे खांब एकूण ३.६ किलोन्यूटन बलाने पश्चिमेकडे ओढला जातोय. ताण पूर्वेकडे, खांबाच्या बुंध्यापासून ४.५ मीटरवर रोवला आहे.

मोमेंट कोणत्या बिंदूभोवती घ्यायचा? इथे खांबाचा बुंधा सोयीचा आहे. जमीन खांबाला खालून किती रेटते, हे आपल्याला ठाऊक नाही. पण तो रेटा बुंध्यातूनच जातो असं धरलं, तर बुंध्याभोवती त्याचा मोमेंट शून्य होतो. नको असलेलं अज्ञात बल ज्या बिंदूतून जातं, तोच बिंदू निवडायचा, ही या विषयातली जुनी युक्ती आहे.

तारांची ओढ आडवी आहे. तिची क्रियारेषा बुंध्यापासून ६ मीटर वर आहे, म्हणून लंब अंतर ६ मीटर. मोमेंट झाला ३.६ गुणिले ६, म्हणजे २१.६ किलोन्यूटन-मीटर. एवढ्या जोराने तारा खांबाला पश्चिमेकडे पाडू पाहतात. ताणाने नेमका एवढाच मोमेंट उलट दिशेने द्यायचा आहे.

खांब, जमीन आणि ताण यांचा काटकोन त्रिकोण होतो. उभी बाजू ६, आडवी ४.५ आणि कर्ण, म्हणजे ताणाची लांबी, ७.५ मीटर. बुंध्यापासून कर्णावर टाकलेला लंब काढायला शाळेतली भूमिती पुरते. दोन बाजूंचा गुणाकार भागिले कर्ण, म्हणजे २७ भागिले ७.५, म्हणजे ३.६ मीटर. मग ताणाच्या तारेतली ओढ निघते २१.६ भागिले ३.६, म्हणजे ६ किलोन्यूटन.

विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. ताण खांबाला ६ मीटरवर बांधला आहे, म्हणून अंतर ६ मीटर धरलं जातं. मग ओढ येते ३.६ किलोन्यूटन. कोणी खुंटापर्यंतचं अंतर ४.५ मीटर धरतं, मग येते ४.८. दोन्ही उत्तरं खऱ्या ओढीपेक्षा कमी आहेत, आणि कमी ओढ धरून निवडलेली तार धोक्याची ठरते. चूक ओळखायला एक साधी कसोटी आहे. तिरक्या ताणाच्या ओढीचा काही भागच आडवा असतो, उरलेला खाली जातो. त्यामुळे ताण आणि तारा एकाच उंचीवर असतील, तर ताणातली ओढ लाइनच्या ओढीपेक्षा जास्तच निघायला हवी. ती बरोबरीची निघाली, तर लंबाऐवजी भलतंच अंतर घेतलं गेलं आहे.

ताण खांबाला फार चिकटून का रोवू नये, हेही लंब अंतर लगेच सांगतं. समजा पूर्वेला कुंपण आहे आणि जागा अडीच मीटरचीच मिळाली. कर्ण होतो ६.५ मीटर, लंब अंतर घटून येतं २.३१ मीटर आणि ओढ चढते ९.३६ किलोन्यूटनवर. लाइन तीच, खांब तोच, पण ताणाच्या तारेवरचा भार दीडपटीहून जास्त. शिवाय खांब जमिनीत दाबणारा जोर ४.८ वरून ८.६ किलोन्यूटनच्या वर जातो. ताण आणि खांब यांच्यातला कोन शक्यतो ४५ अंशांच्या आसपास ठेवावा आणि ३० अंशांखाली जाऊ देऊ नये, या प्रघाताचं कारण हेच. अडीच मीटरवर तो जेमतेम साडेबावीस अंश उरतो.

व्हॅरिग्नॉनची वाट

लंब अंतर शोधण्याची खटपट टाळायची एक वाट फ्रेंच गणिती पिएर व्हॅरिग्नॉन याने सतराव्या शतकाच्या अखेरीस दाखवली. त्याचा यांत्रिकीवरचा पहिला ग्रंथ १६८७ साली पॅरिसमध्ये निघाला. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ही त्याच वर्षीचा. व्हॅरिग्नॉनच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय असं सांगतं की एखाद्या बलाचा मोमेंट हा त्याच्या घटकांच्या मोमेंटांची बेरीज असतो. म्हणून तिरकं बल तसंच हाताळायची गरज नाही. त्याचे आडवा आणि उभा असे दोन तुकडे करावेत आणि प्रत्येकाचा मोमेंट वेगळा काढावा. आडव्या-उभ्या तुकड्यांची लंब अंतरं आकृतीत आयतीच लिहिलेली असतात.

आपल्या ताणावर हे करून पाहू. ६ किलोन्यूटनचा आडवा घटक ३.६ आणि उभा, खाली जाणारा, ४.८. उभा घटक खांबाच्या रेषेतूनच खाली जातो, म्हणजे बुंध्यातून जातो. त्याचं लंब अंतर शून्य, मोमेंटही शून्य. आडव्या घटकाचं लंब अंतर ६ मीटर आणि मोमेंट २१.६ किलोन्यूटन-मीटर. उत्तर तेच आलं, आणि कर्णावर लंब टाकावा लागला नाही.

ही वाट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण क्रॉस प्रॉडक्टमध्ये आत दडलेलं काम हेच आहे.

कोपऱ्यावर आल्यावर

टोकाच्या खांबाचं सगळं चित्र एका सपाट कागदावर मावत होतं. तारा पश्चिमेला, ताण पूर्वेला, खांब मधे. फिरण्याच्या दिशाही दोनच होत्या, पश्चिमेकडे पडणं किंवा पूर्वेकडे पडणं. एका दिशेला अधिक म्हटलं आणि दुसरीला उणे, की काम भागत होतं.

कोपऱ्यावरच्या खांबाला हे लागू पडत नाही. समजा, मुख्य लाइन दक्षिणेकडून येते. तिच्या तीन तारा प्रत्येकी १ किलोन्यूटनने ओढतात, म्हणून दक्षिणेकडची ओढ ३ किलोन्यूटन. तिथून पश्चिमेकडच्या वस्तीसाठी दोन तारांचा फाटा निघतो, त्याची ओढ २ किलोन्यूटन. सगळं पुन्हा ६ मीटर उंचीवर. ताण ईशान्येच्या बाजूला हवा, हे उघडच आहे. तो बुंध्यापासून २ मीटर पूर्वेला आणि ३ मीटर उत्तरेला रोवला. त्याची लांबी निघते बरोबर ७ मीटर, कारण २, ३ आणि ६ यांच्या वर्गांची बेरीज ४९ होते. त्यातली ओढ ७ किलोन्यूटन आहे असं धरू.

लंब अंतराची रीत इथेही चालते. खुंट बुंध्यापासून ३.६१ मीटरवर आहे. काटकोन त्रिकोणाचा तोच हिशेब केला, तर लंब अंतर येतं ३.०९ मीटर आणि मोमेंट २१.६ किलोन्यूटन-मीटर. आकडा पूर्णपणे बरोबर आहे. पण खांब कोणत्या अंगाला वाकू पाहतो, यातला किती जोर दक्षिणेकडची ओढ फेडतो आणि किती पश्चिमेकडची, याबद्दल तो काही बोलत नाही. अधिक-उणे चिन्हंही कामाची नाहीत, कारण आता पडायला दोनच दिशा उरलेल्या नाहीत.

इथे क्रॉस प्रॉडक्ट लागतो. पूर्वेची दिशा x, उत्तरेची y आणि वरची z मानायची. ज्या बिंदूभोवती मोमेंट हवा आहे, तिथून बलाच्या क्रियारेषेवरच्या कोणत्याही एका बिंदूपर्यंत बाण काढायचा. हा स्थान सदिश r. बलाचा सदिश F. मग:

M = r × F

या गुणाकारातून एक आकडा न येता तीन येतात, प्रत्येक अक्षाभोवती एक:

Mx = y Fz − z Fy
My = z Fx − x Fz
Mz = x Fy − y Fx

सूत्रं पाहून दचकायचं कारण नाही. प्रत्येक ओळीत दोन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा म्हणजे बलाचा एक घटक गुणिले त्या घटकाचं त्या अक्षापासूनचं लंब अंतर. व्हॅरिग्नॉनची वाट तीन अक्षांभोवती एकदमच चालली की क्रॉस प्रॉडक्ट होतो. लंब अंतर यातून गेलेलं नाही. एक अवघड तिरपं अंतर शोधण्याऐवजी सहा सोपी, सरळ अंतरं वापरली जातात, एवढाच फरक आहे.

आज शिकवला जातो तो सदिशांचा हा मांडणीप्रकार अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी १८८१ आणि १८८४ साली खासगीरीत्या छापलेल्या टिपणांत बांधला. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले होते. म्हणजे लंब अंतराचा वारसा आर्किमिडीजच्या तरफेपर्यंत मागे जातो, आणि क्रॉस प्रॉडक्टला दीडशे वर्षंही झालेली नाहीत.

पायरी पायरीने

आता कोपऱ्यावरच्या ताणाचा मोमेंट काढू. ताण खांबाला बांधलेला बिंदू बुंध्याच्या बरोबर वर ६ मीटरवर आहे, म्हणून r आहे (०, ०, ६). बलाचे घटक काढताना बांधलेल्या बिंदूपासून खुंटाकडे जायचं, कारण ताण खांबाला खुंटाच्या दिशेने ओढतो. तो प्रवास २ मीटर पूर्वेला, ३ मीटर उत्तरेला आणि ६ मीटर खाली असा आहे. ओढीला लांबीने भागून या तिन्ही अंतरांना गुणायचं. ओढ ७ आणि लांबीही ७ असल्याने F येतो (२, ३, −६) किलोन्यूटन. तिसरा घटक उणे आला, म्हणजे ताण खांबाला खाली ओढतोय. तो अधिक आला असता, तर बाण उलटा काढला गेला असं समजावं.

आकडे सूत्रात भरले, की Mx = −१८, My = १२ आणि Mz = ०. ताणाचा मोमेंट झाला (−१८, १२, ०) किलोन्यूटन-मीटर.

तारांचाही असाच काढू. पश्चिमेकडच्या ओढीचा F आहे (−२, ०, ०), त्यातून मोमेंट येतो (०, −१२, ०). दक्षिणेकडच्या ओढीचा F आहे (०, −३, ०), त्यातून येतो (१८, ०, ०). तिन्हींची बेरीज शून्य. खांब सरळ उभा राहील. शिवाय आता दिसतं की ताणाच्या मोमेंटातले १२ पश्चिमेकडचा फाटा फेडतात आणि १८ दक्षिणेकडची लाइन. २१.६ या एका आकड्यात हे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळून गेले होते.

आता एक बदल करू. समजा, ठरलेल्या जागी खडक लागला, म्हणून खुंट थोडा सरकवून ३ मीटर पूर्वेला आणि २ मीटर उत्तरेला रोवला. जागा दीड मीटरही हललेली नाही. खांबापासूनचं अंतर तेच, ३.६१ मीटर. ताणाची लांबी तीच, ७ मीटर. लंब अंतर तेच, ३.०९ मीटर. ओढ ७ किलोन्यूटनच ठेवली, तर मोमेंटही तोच, २१.६. लंब अंतराच्या रीतीत पहिल्या आणि दुसऱ्या खुंटात काडीचाही फरक दिसत नाही.

क्रॉस प्रॉडक्ट मात्र वेगळं उत्तर देतो. F झाला (३, २, −६), ताणाचा मोमेंट (−१२, १८, ०). यात तारांचे (१८, −१२, ०) मिळवले, की उरतात (६, ६, ०). या शिलकीचं मोजमाप साडेआठ किलोन्यूटन-मीटरच्या घरात येतं. खांबाच्या डोक्याला १४० किलोच्या आसपास ओढ आग्नेयेकडे कायमची बसली, तर जेवढा मोमेंट होईल तेवढा हा आहे. हा भार आता बुंध्याभोवतीच्या मातीला पेलावा लागतो. पावसाळ्यात माती मऊ झाली की खांब आग्नेयेला कलू लागतो.

मग टर्नबकल पिळून ताण आणखी घट्ट केला तर? तरीही फेड होत नाही. दक्षिणेची लाइन पुरती फेडायला ओढ १०.५ किलोन्यूटनपर्यंत न्यावी लागते, तेव्हा पूर्वेकडचा जोर १५ किलोन्यूटन-मीटरने जास्त होतो. पश्चिमेचा फाटा फेडायचा तर ओढ ४.६७ वर आणावी लागते, तेव्हा दक्षिणेकडचे १० किलोन्यूटन-मीटर उघडे पडतात. मधली कोणतीही ओढ घेतली तरी शिल्लक ८.३ च्या खाली जात नाही. चूक दिशेची आहे, आणि ओढ कमी-जास्त करून ती सुधारत नाही. एक तर खुंट हलवावा लागतो किंवा दुसरा ताण जोडावा लागतो.

पिळाची गोष्ट

खांबावरच्या आडव्या लोखंडी हाताला, क्रॉस आर्मला, तारा मध्यापासून थोड्या बाजूला बांधलेल्या असतात. समजा, दक्षिणेकडे जाणारी एक तार मध्यापासून अर्धा मीटर पूर्वेला आहे. तिच्यासाठी r झाला (०.५, ०, ६) आणि F झाला (०, −१, ०). मोमेंट येतो (६, ०, −०.५). सहाचा आकडा खांब पाडणारा, अर्ध्याचा आकडा खांबाला स्वतःभोवती पिळणारा. पश्चिमेच्या टोकाला तशीच दुसरी तार असते, तिचा पीळ +०.५ येतो आणि दोन्ही एकमेकांना रद्द करतात. वादळात एक तार तुटली, की दुसरीचा पीळ उघडा पडतो आणि हात वाकडा होतो.

हेच लंब अंतराने काढलं, तर अंतर येतं ६.०२ मीटर आणि मोमेंट ६.०२. सगळा पीळ दशांश चिन्हानंतरच्या दोन सेंटिमीटरांत लपून गेला. ‘मोजमापातली किरकोळ चूक’ म्हणून कोणीही तो सोडून देईल.

चुका कुठे होतात

क्रॉस प्रॉडक्टच्या चुका लंब अंतराच्या चुकांहून निराळ्या आहेत. पहिली क्रमाची. r × F ऐवजी F × r केलं, की तिन्ही आकड्यांची चिन्हं उलटतात. आकडे अगदी बरोबर दिसतात, पण पश्चिमेकडे पडणारा खांब कागदावर पूर्वेकडे पडतो. याला उजव्या हाताचा नियम उपयोगी पडतो. बल ज्या बाजूला फिरवतं, तिकडे उजव्या हाताची बोटं वळवायची, मग अंगठा मोमेंटच्या सदिशाची दिशा दाखवतो. वरून पूर्वेकडे कलणाऱ्या खांबासाठी अंगठा उत्तरेकडे जातो. म्हणून पूर्वेकडे ओढणाऱ्या बलाचा My अधिक यायला हवा.

दुसरी चूक मधल्या घटकाच्या चिन्हाची. निश्चयकाची चौकट मांडून सोडवताना मधल्या पदाआधीचं उणे चिन्ह हमखास विसरलं जातं. ही चूक पकडायला अर्धा मिनिट लागतो. मोमेंटचा सदिश बलाला नेहमी लंब असतो, म्हणून दोघांचे जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज केली, तर ती शून्य यायला हवी. आपल्या ताणात २ गुणिले −१८ म्हणजे −३६, ३ गुणिले १२ म्हणजे ३६ आणि तिसरा शून्य. बेरीज शून्य, उत्तर टिकलं. मधलं चिन्ह चुकलं असतं, तर बेरीज −७२ आली असती. क्रम उलटल्याची चूक मात्र या कसोटीत सापडत नाही. तिच्यासाठी अंगठाच पाहावा लागतो.

तिसरी पडताळणी सर्वांत भक्कम आहे. r बलाच्या क्रियारेषेवरच्या कोणत्याही बिंदूपर्यंत काढला तरी चालतो, कारण बल आपल्या रेषेत पुढे-मागे सरकवल्याने मोमेंट बदलत नाही. म्हणून वरच्या गाठीऐवजी खालच्या खुंटापर्यंतचा r घेऊन पाहावा. तो आहे (२, ३, ०). गणित पूर्ण वेगळं होतं, पण उत्तर पुन्हा (−१८, १२, ०) येतं. वेगळ्या आकड्यांतून तेच उत्तर आलं, तर चूक राहण्याची शक्यता फारच कमी उरते.

दोन्ही रीती एकमेकींना मदतही करतात. अवकाशातल्या एखाद्या तिरक्या तारेचं लंब अंतर आकृतीवरून काढणं जड जातं. तेव्हा आधी क्रॉस प्रॉडक्टने मोमेंट काढायचा, त्याचं मोजमाप घ्यायचं आणि त्याला बलाने भागायचं. आपल्या ताणात २१.६ भागिले ७, म्हणजे ३.०९ मीटर. भूमितीने काढलेलं अंतर हेच होतं.

तेव्हा निवाडा सरळ आहे. सगळी बलं आणि बिंदू एका प्रतलात असतील आणि लंब डोळ्यांना दिसत असेल, तर लंब अंतराची रीत झटपट उत्तर देते, आणि ताण जवळ आणल्यावर ओढ का वाढते, तेही समजावते. बलं दोनाहून अधिक दिशांना जात असतील, किंवा पडण्याचा आणि पिळण्याचा हिशेब वेगळा हवा असेल, तर क्रॉस प्रॉडक्टशिवाय काम करू नये.

शेताच्या बांधावर ताण असलेल्या शेतकऱ्यांनाही यात एक सांगणं आहे. नांगरटीला अडचण होते म्हणून ताणाचा खुंट स्वतः उपटून हात-दोन हात बाजूला रोवू नये, तार सोडू नये, तिला गुरं बांधू नयेत. विजेचा धोका तर आहेच, शिवाय खुंट दीड मीटरहून कमी सरकल्यावर काय होतं ते वरच्या आकड्यांत आहे. ताण अडचणीचा असेल किंवा सैल झालेला दिसला, तर वीज कार्यालयाला कळवावं आणि जागा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.